पाळीच्या मध्यात ओटीपोटात दुखतं, डाग दिसतो: दिवस राहण्यासाठी या खुणा किती कामाच्या?

मूल हवं असलेल्या जोडप्यांमध्ये एक हिशेब हमखास ऐकू येतो. पाळीच्या साधारण मध्यावर ओटीपोटात एका बाजूला दुखतं, कधी चड्डीला गुलाबी किंवा तपकिरी डाग लागतो, म्हणजे आज अंडं फुटलं. मग आजपासून प्रयत्न सुरू करायचे. यातला पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे. घोटाळा दुसऱ्या भागात आहे. दुखायला लागेपर्यंत दिवस राहण्याचे सगळ्यात चांगले दिवस बहुतेक वेळा उलटून गेलेले असतात. जोडपं एकाच घरात राहत असेल तर याने फारसं बिघडत नाही. पण सोलापूरसारख्या गावात, जिथे निम्म्या गल्लीतली पोरं नोकरीला पुण्यात आणि घरी येणार शनिवार-रविवारी, तिथे हा एक-दोन दिवसांचा फरक वर्ष खाऊन टाकतो. म्हणून हा लेख मुख्यतः अशाच जोडप्यांसाठी आहे. एकत्र राहणाऱ्यांनाही त्यातला बराच भाग उपयोगी पडेल.

आधी आत काय होतं ते

पाळीच्या पहिल्या दिवसापासून अंडाशयात काही फॉलिकल, म्हणजे पाण्याच्या बारीक पिशव्या, वाढायला लागतात. त्यातली एक पुढे जाते. रोज साधारण दोन मिलिमीटरने वाढत ती अठरा ते चोवीस मिलिमीटरपर्यंत पोचते. ही पिशवी इस्ट्रोजेन बनवते. इस्ट्रोजेन पुरेसं वाढलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच नावाचं संप्रेरक एकदम सोडते. ही एलएचची लाट सुरू झाल्यापासून साधारण २४ ते ३६ तासांत पिशवी फुटते आणि स्त्रीबीज बाहेर पडतं.

दुखणं याच काळात येतं. लोकांची समजूत अशी की पिशवी फुटली म्हणून दुखलं. काहींच्या बाबतीत ते खरं असतं, कारण फुटलेल्या पिशवीतलं पाणी आणि थोडं रक्त पोटाच्या आतल्या आवरणाला लागतं आणि ते आवरण चुरचुरतं. पण सोनोग्राफीने रोज पिशवी बघत केलेल्या अभ्यासांत असं दिसलं, की बऱ्याच बायकांना दुखणं फुटण्याच्या आधी, एलएचच्या लाटेच्या सुमारास सुरू होतं. तेव्हा अंडाशयाचं आवरण ताणलेलं असतं आणि प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच बनणाऱ्या रसायनामुळे त्यातले स्नायू आकसत असतात. म्हणून दुखणं हे अंडं फुटल्याची पावती धरू नका. ‘आज फुटेल, नाहीतर नुकतंच फुटलं असेल’ एवढंच त्यातून कळतं.

हे दुखणं ओटीपोटात खाली, एका बाजूला असतं. कधी बारीक ठणका, कधी अचानक कळ. काहींचं अर्ध्या तासात जातं, काहींचं दिवसभर रेंगाळतं. दोन दिवसांच्या पुढे सहसा जात नाही. कधी उजवीकडे, कधी डावीकडे येतं, पण दर महिन्याला बाजू बदललीच पाहिजे असा नियम नाही. सलग तीन महिने एकाच बाजूला दुखू शकतं. बऱ्याच बायकांना ते कधीच जाणवत नाही आणि त्यांना मुलं होतात, तेव्हा न दुखणं ही काळजीची गोष्ट नाही. जाता जाता, उजवी बाजू मुलाची आणि डावी मुलीची असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. बाळ मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या शुक्राणूवर ठरतं, अंडाशयाच्या बाजूवर ठरत नाही.

डागाचं कारण वेगळं आहे. एलएचची लाट आली की इस्ट्रोजेन काही काळ खाली घसरतं, आणि पिशवी फुटल्यानंतर तयार होणारं प्रोजेस्टेरॉन अजून पुरेसं चढलेलं नसतं. या मधल्या फटीत गर्भाशयाच्या अस्तराचा आधार थोडा सुटतो आणि किंचित रक्त येतं. ते बुळबुळीत पाण्यात मिसळलेलं असल्याने गुलाबी दिसतं, किंवा हळू बाहेर आल्याने तपकिरी. पुसल्यावर कागदाला लागेल, पँटी लायनरवर एखादा ठिपका दिसेल, इतकंच. पॅड भिजत असेल तर तो हा डाग नव्हे. हा डाग दुखण्यापेक्षाही कमी जणींना दिसतो, शंभर पाळ्यांत पाचेक वेळा. त्यामुळे त्याच्या भरवशावर दिवस ठरवणं म्हणजे जी खूण बहुतेक महिन्यांत येणारच नाही तिची वाट बघत बसणं.

मग उशीर का होतो?

बाहेर पडलेलं स्त्रीबीज १२ ते २४ तासच फलनक्षम असतं. शुक्राणू मात्र, गर्भाशयाच्या मुखाशी चांगलं पातळ, बुळबुळीत पाणी असेल तर, पाच दिवसांपर्यंत टिकतात. म्हणून दिवस राहू शकतील असे महिन्यातले साधारण सहा दिवस धरतात: अंडं फुटण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. हे सहा दिवस सारखे नसतात. सगळ्यात जास्त शक्यता फुटण्याच्या आधीच्या दोन दिवसांत असते, फुटण्याच्या दिवशीही बऱ्यापैकी असते, आणि दुसऱ्या दिवशी जवळजवळ संपते.

शुक्राणू आधीच जाऊन गर्भनलिकेत थांबलेले हवेत. बीज बाहेर पडल्यावर त्यांना निरोप धाडून चालत नाही. दुखणं नेमकं या सहा दिवसांच्या शेवटच्या टोकाला येतं. दुखलं त्या दिवशी संबंध ठेवले तर फायदा होऊ शकतो, म्हणून ‘आता काय उपयोग’ म्हणून सोडून देऊ नका. पण दुखण्याची वाट बघत आधीचे तीन-चार दिवस कोरडे घालवले तर चांगले दिवस वाया जातात. आणि काही जोडपी ते मुद्दाम घालवतात, ‘साठवून ठेवू, म्हणजे जोर राहील’ म्हणून. बरेच दिवस साठवल्याने वीर्याचं प्रमाण वाढतं खरं, पण जुन्या, मंद शुक्राणूंचा वाटाही वाढतो. एक दिवसाआड किंवा रोज, दोन्ही चालतं.

पहिली पायरी: वहीत तीन पाळ्या लिहा

मोबाइलमधलं ॲप चालेल, पण त्याने दाखवलेल्या ‘ओव्ह्युलेशन डे’वर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बरीचशी ॲप सरासरीवरून अंदाज बांधतात. पाळी सुरू झाल्याची तारीख लिहा. पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो. आदल्या दिवशीचा तपकिरी डाग धरायचा नाही. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत किती दिवस झाले ते मोजा.

अंडं फुटल्यानंतर पुढची पाळी यायला साधारण चौदा दिवस लागतात. हा भाग प्रत्येकीत बराच स्थिर असतो, बारा-तेरा ते पंधरा या पट्ट्यात. कमी-जास्त होतो तो आधीचा भाग. म्हणून सगळ्यांना ‘चौदावा दिवस’ सांगणं चूक आहे. तुमची सगळ्यात छोटी पाळी २७ दिवसांची आणि सगळ्यात लांब ३१ दिवसांची असेल, तर २७ मधून १४ वजा केले की १३, आणि ३१ मधून १४ वजा केले की १७. अंडं तेराव्या ते सतराव्या दिवसाच्या दरम्यान फुटत असावं. त्याआधीचे पाच दिवस धरले की आठव्यापासून सतराव्या दिवसापर्यंतचा पट्टा मिळतो. पट्टा मोठा वाटतो, पण एकत्र राहणाऱ्या जोडप्याने या दिवसांत एक दिवसाआड संबंध ठेवले तर पुढच्या कुठल्याही पायरीची खरं तर गरज नाही.

दुसरी पायरी: अंगावरून जाणारं पाणी बघा

फुकट मिळणाऱ्या खुणांत ही सगळ्यात भरवशाची आहे, आणि बायका तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोलतात. ‘अंगावरून पांढरं जातं’ म्हटलं की घरात लगेच कोणीतरी औषध सुचवतं. पण पाळीच्या मध्यावरचं पाणी हा आजार नाही.

पाळी थांबल्यावर काही दिवस कोरडे जातात. मग चिकट, दाट, पांढरट स्राव येतो. इस्ट्रोजेन वाढत गेलं की तो पातळ, ओलसर होतो, आणि शेवटी दोन-तीन दिवस कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा पारदर्शक, बुळबुळीत होतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून बोटं लांब केली तर तार दोन इंच ताणली जाते, तुटत नाही. शुक्राणू टिकतात ते या पाण्यात. हे पाणी अंडं फुटण्याच्या आधी दिसतं, म्हणून ते दुखण्याच्या पुढे असतं. अंडं फुटल्यावर एका दिवसात पुन्हा दाट किंवा कोरडं होतं.

बघायचं कसं? लघवीला जाताना, आधी, स्वच्छ टिश्यूने पुढून मागे पुसा आणि बघा. बोट आत घालायची गरज नाही. दिवसातून दोनदा बघितलं तरी पुरे. रात्री संबंध आले असतील तर दुसऱ्या सकाळी वीर्य मिसळलेलं असतं, तेव्हा दुपारनंतरची नोंद धरा. खाज, कुजकट वास, दह्यासारखे तुकडे, हिरवट रंग असेल तर तो संसर्ग असू शकतो. तो डॉक्टरांना दाखवायचा. आणि कोरडेपणासाठी तेल किंवा साधी जेली वापरत असाल तर या दिवसांत टाळा, काही जेलींमुळे शुक्राणूंची हालचाल मंदावते.

ओलेपणा जाणवला त्या दिवसापासून सुरुवात करायची. तार सुटेपर्यंत थांबायचं नाही.

तिसरी पायरी: लघवीची किट, हवी असेल तर

मेडिकलमध्ये ओव्ह्युलेशन किट मागा. गर्भधारणा तपासणीच्या पट्टीसारखीच दिसते, पण ती लघवीतलं एलएच बघते. घेताना नाव नीट बघा, दोन्ही पट्ट्या शेजारीच ठेवलेल्या असतात. तुमच्या वहीनुसार सगळ्यात छोटी पाळी २७ दिवसांची असेल तर दहाव्या दिवसापासून रोज एक पट्टी. किटच्या कागदावर दिलेली वेळ पाळा. बहुतेक किटना सकाळची पहिली लघवी नको असते, कारण एलएच बऱ्याचदा पहाटे चढायला लागतं आणि लघवीत उतरायला काही तास जातात. दुपारी किंवा संध्याकाळी, रोज ठरलेल्या वेळी करा.

इथल्या एप्रिल-मेमध्ये एक अडचण येते. उन्हातून आल्यावर माणूस तांब्याने पाणी पितो आणि लघवी पाण्यासारखी पातळ होते. मग रेघ फिकट दिसते आणि लाट निसटते. पट्टीच्या आधी दीड-दोन तास पाणी बेताने घ्या. दिवसभर तहान मारू नका, फक्त तेवढ्या वेळापुरतं.

तपासणीची रेघ शेजारच्या नियंत्रण रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद असेल तरच होकार. फिकट दुसरी रेघ म्हणजे नकार. इथे गर्भधारणेच्या पट्टीसारखं ‘फिकट रेघ म्हणजेही होकार’ धरायचं नाही. होकार आला की त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी. पीसीओएस हा अंडाशयाचा विकार असलेल्या बायकांना एलएच मुळातच वाढलेलं असू शकतं, त्यामुळे पट्टी दिवसेंदिवस होकार दाखवते आणि फसवते. त्यांनी किटवर पैसे घालवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

तापमान: मागे वळून बघायचं साधन

अंडं फुटल्यावर प्रोजेस्टेरॉनमुळे शरीराचं तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सियसने चढतं आणि पाळीपर्यंत चढलेलं राहतं. दशांशानंतर दोन अंक दाखवणारा डिजिटल थर्मामीटर लागतो, आणि झोपेतून उठल्याबरोबर, अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी मोजावं लागतं. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या आणि त्यासाठी अवेळी उठणाऱ्या घरांत हे किती जमतं ते सोलापूरकरांनी स्वतःच ठरवावं. ज्या दिवशी पाण्यासाठी उठलात, त्या दिवसाच्या नोंदीपुढे फुली मारा. शिवाय तापमान चढलं म्हणजे अंडं फुटून गेलं. त्या महिन्यात त्याचा उपयोग शून्य. उपयोग आहे तो एवढाच, की तुमचं दुखणं नेमकं फुटण्याच्या आधी येतं की नंतर, हे दोन-तीन महिन्यांत कळतं. ज्यांना एवढं खोलात जायचं नाही त्यांनी ही पायरी खुशाल गाळावी.

एका जोडप्याचा हिशेब

समजा, ती अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशेब बघते. नवरा पुण्यात नोकरीला. शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने निघतो, रात्री घरी पोचतो, सोमवारी पहाटे त्याच गाडीने परत. तिची पाळी २७ ते ३१ दिवसांची. पाळीच्या मध्यावर तिला दुखतं, कधी डागही पडतो. त्यांनी ठरवलेली पद्धत अशी की तिला दुखलं की तिने फोन करायचा आणि त्याने रजा टाकून यायचं.

एका महिन्याची तिची वही अशी. पाळी सोमवारी आली, तो पहिला दिवस. अकराव्या दिवशी, गुरुवारी, ओलेपणा. तेराव्या-चौदाव्या दिवशी, शनिवार-रविवारी, तार सुटणारं पाणी. त्या दोन दिवशी नवरा घरातच होता, पण ‘अजून दुखलं नाही’ म्हणून दोघांनी थांबायचं ठरवलं. सोमवारी पहाटे तो गेला. सोमवारी संध्याकाळी किटवर होकार. मंगळवारी, सोळाव्या दिवशी, सकाळपासून उजवीकडे ठणका, संध्याकाळी तपकिरी डाग. फोन गेला. बुधवारची रजा मिळेना, म्हणून गुरुवारची टाकून, बुधवारी ऑफिस करून संध्याकाळच्या गाडीने तो निघाला आणि बुधवारी रात्री पोचला. गुरुवारी सकाळी तिचं तापमान चढलेलं. पुढची पाळी तिसाव्या दिवशी.

उलटं मोजा. सोमवारी संध्याकाळी लाट दिसली, म्हणजे अंडं मंगळवारी रात्री किंवा बुधवारी पहाटे फुटलं असणार. बुधवारी रात्री तो घरी येईपर्यंत बीजाचा दिवस जवळजवळ संपला होता. आणि वाया घालवलेला शनिवार-रविवार म्हणजे फुटण्याच्या तीन आणि दोन दिवस आधीचा, तोही तार सुटणाऱ्या पाण्याचा. रजा टाकून, गाडीची धावपळ करून त्यांनी महिन्यातली कमकुवत रात्र गाठली, आणि रजेशिवाय हातात असलेल्या दोन चांगल्या रात्री सोडल्या.

आता पुढचं नियोजन. शनिवार-रविवार ठरलेला असला की कुठल्या महिन्यात रजा लागेल हे पाळीच्या पहिल्या वारावरून आधीच कळतं. तिच्यासारखी २७ ते ३१ दिवसांची पाळी धरू. पाळी रविवारी, सोमवारी किंवा मंगळवारी आली, तर दुसऱ्या आठवड्याचा शनिवार-रविवार बाराव्या ते पंधराव्या दिवसांत पडतो. तेव्हा रजा नको. शुक्रवारी रात्रीपासून सोमवारी पहाटेपर्यंत दुखण्याची वाट न बघता संबंध ठेवायचे. पाळी गुरुवारी किंवा शुक्रवारी आली, तर शनिवार-रविवार एकदा नवव्या ते अकराव्या दिवशी आणि मग थेट सोळाव्या ते अठराव्या दिवशी पडतात. नेमके मधले दिवस सुटतात. वर्षभरातल्या रजा या महिन्यांसाठी राखा. मंगळवारी संध्याकाळच्या गाडीने येऊन बुधवारची एक रजा घेतली आणि गुरुवारी पहाटे परत गेला, तर बाराव्या ते चौदाव्या दिवसांतल्या दोन रात्री मिळतात. बुधवारी किंवा शनिवारी पाळी आली तर मामला मधला असतो. तिथे तिच्या पाण्याने आणि किटने निर्णय करावा.

तुमची पाळी याहून लांब किंवा छोटी असेल तर वार बदलतील, पण हिशेब हाच: छोट्या आणि लांब पाळीतून १४ वजा करा, मिळालेल्या दिवसांच्या आधीचे दोन-तीन दिवस कॅलेंडरवर खुणा करून ठेवा, आणि शनिवार-रविवार त्यात बसतो का ते बघा.

या हिशेबात दुखण्याला जागा आहे, पण ती पडताळणीची. तीन महिने वहीत दुखण्याची तारीख आणि त्यानंतर किती दिवसांनी पाळी आली हे लिहा. दर वेळी तेरा ते पंधरा दिवसांनी येत असेल, तर दुखणं अंडं फुटण्याचंच आहे आणि तुमचा अंदाज बरोबर बसतोय. कधी पाच दिवसांनी, कधी वीस दिवसांनी पाळी येत असेल, तर ते दुखणं दुसऱ्याच कशाचं तरी आहे. गॅस, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, सगळेच त्याच जागी दुखवतात.

दुखतं म्हणून कोणती गोळी?

इथे जरा थांबून वाचा, कारण ही चूक घरोघरी होते. पाळीत दुखलं की घेतली जाणारी मेफेनॅमिक ॲसिडची गोळी पाळीच्या मध्यावरच्या दुखण्यालाही घेतली जाते. कंबरेसाठी डायक्लोफेनॅक असतंच. ही औषधं प्रोस्टाग्लँडिन दाबून दुखणं थांबवतात. पण पिशवी फुटायलाही प्रोस्टाग्लँडिन लागतं. या गटातली औषधं मध्यावर सलग काही दिवस घेतली तर पिशवी वाढते पण फुटायला उशीर होतो, किंवा ती न फुटता तशीच राहते. पाळी वेळेवर येते, त्यामुळे काही बिघडलं असं कळतही नाही. एखादी गोळी पोटात गेली म्हणून घाबरू नका. सवय मात्र मोडा. मूल हवं असेल तर मध्यावर पॅरासिटामॉल आणि गरम पाण्याची पिशवी. संधिवातासाठी किंवा मणक्यासाठी ही औषधं रोज चालू असतील तर ती स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगा की आपण मुलासाठी प्रयत्न करतोय.

प्रत्येक डाग मध्यावरचा नसतो

पाळीच्या सात-आठ दिवस आधी पडलेल्या बारीक डागाला गर्भ रुजल्याची खूण समजून लगेच पट्टी करायला धावतात. इतक्या लवकर पट्टी बोलत नाही. पाळी चुकेपर्यंत थांबा, मग सकाळच्या पहिल्या लघवीवर करा. आणि मध्यावरचा डाग तर त्याच्याही आठवडाभर आधीचा. त्याचा रुजण्याशी संबंध नाही.

इमर्जन्सी गोळी, जिला लोक ७२ तासांची गोळी म्हणतात, घेतल्यानंतर डाग पडतो आणि पाळीही मागे-पुढे होते. त्या महिन्याची नोंद हिशेबातून काढून टाका. संबंधानंतर दर वेळी रक्त येत असेल, डाग तीन दिवसांपेक्षा जास्त टिकत असेल, किंवा महिन्यात दोन-तीन वेळा पडत असेल, तर गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्यायला हवी. तिथे पॉलिप, संसर्ग किंवा आणखी काही निघू शकतं, आणि ते वहीत सापडत नाही.

दुखण्याच्या बाबतीत काही गोष्टींना वाट बघायची नसते. पाळी चुकली आहे आणि एका बाजूला जोरात दुखतंय, चक्कर येतेय, खांद्याच्या टोकाला दुखतंय: गर्भ नळीत असू शकतो, त्याच रात्री दवाखाना गाठा. अचानक असह्य कळ आणि उलट्या: अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. उजवीकडचं दुखणं वाढत चाललंय, ताप आहे, जेवण नकोसं झालंय: अपेंडिक्स. ताप आणि दुर्गंधीचा स्राव: गर्भपिशवीचा आणि नळ्यांचा संसर्ग. रात्री-अपरात्री कुठे जायचं सुचलं नाही तर सिव्हिलचा अपघात विभाग चोवीस तास उघडा असतो. आणि दर पाळीला, मध्यावर, संबंधाच्या वेळी, शौचाच्या वेळी असं सगळीकडेच दुखत असेल तर एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराची, शंका येते. ‘बायकांना दुखतंच’ म्हणून ते वर्षानुवर्षं अंगावर काढलं जातं.

डॉक्टरांकडे कधी, आणि काय घेऊन

बाईचं वय ३५ च्या आत असेल आणि नियमित संबंध असूनही वर्षभरात दिवस राहिले नाहीत, तर तपासणी. ३५ किंवा त्याहून जास्त असेल तर सहा महिन्यांनी. पाळी फार अनियमित असेल, आधी नळीतला गर्भ किंवा पोटाचा मोठा संसर्ग झाला असेल, तर इतकंही थांबू नका. पण शनिवार-रविवारच्या जोडप्यांनी ‘वर्षभर’ मोजताना प्रामाणिक राहावं. वरच्या वहीतल्यासारखे महिने धरले तर बारा महिन्यांत खरे प्रयत्न चार-पाचच झालेले असतात. हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, नाहीतर गोळ्या-इंजेक्शनांची गाडी लवकर सुरू होते.

डॉक्टर फॉलिक्युलर स्टडी सांगतील. पाळीच्या नवव्या-दहाव्या दिवसापासून एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी करून पिशवी किती वाढली आणि फुटली का ते बघतात. कारखान्यातून सारखी सुट्टी मिळत नसेल तर वहीतल्या ओल्या दिवसांची नोंद दाखवा. काही फेऱ्या वाचू शकतात. प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी ‘एकविसाव्या दिवशी’ लिहून दिली असेल तर विचारा, कारण तो दिवस २८ दिवसांच्या पाळीसाठी आहे. पाळी ३३ दिवसांची असेल तर तपासणी पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी, म्हणजे सव्विसाव्या दिवसाच्या सुमारास हवी. एकविसाव्या दिवशी केली तर आकडा कमी येतो आणि अंडंच फुटत नाही असा चुकीचा शिक्का बसतो.

आणि वीर्यतपासणी पहिल्याच भेटीत करून घ्या, त्याआधी दोन ते सात दिवस वीर्यपात टाळून नमुना द्यायचा असतो. नवऱ्याला शनिवारी सुट्टी असतेच. बायकोच्या चार सोनोग्राफ्या झाल्यावर त्याची एक तपासणी करायची, हा क्रम उलटा आहे. खर्चही तिच्यापेक्षा त्याच्या तपासणीला कितीतरी कमी येतो.